घरच्या बीपीची वही: सात दिवस, अठ्ठावीस नोंदी

डॉक्टरांनी "घरी बीपी मोजून लिहून आणा" असं सांगितलं, की वह्या सहसा दोन तऱ्हेने भरल्या जातात. एका वहीत महिन्याभरातले आठ-दहा आकडे असतात, तेही डोकं दुखलं, गरगरलं किंवा भीती वाटली तेव्हा घेतलेले. दुसऱ्या वहीत एकाच दुपारी पंधरा वेळा पट्टा आवळून घेतलेले आकडे असतात, कारण पहिला आकडा आवडला नाही. पहिल्या वहीत फक्त वाईट क्षण सापडतात आणि दुसरीत फक्त काळजी. गोळी सुरू करायची का, वाढवायची का, हे दोन्हींतून ठरवता येत नाही.

कामाची वही कशी भरायची ते आधीच ठरवून ठेवायचं असतं. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सलग सात दिवस घ्या. रोज सकाळी दोन रीडिंग आणि संध्याकाळी दोन रीडिंग, दोन्हींच्या मध्ये एक मिनिटाचं अंतर. एकूण २८ नोंदी होतात. पहिल्या दिवसाच्या चार नोंदी वहीत राहू द्या, पण हिशोबातून वगळा. उरलेल्या २४ नोंदींची सरासरी हे तुमचं घरचं बीपी. काही अडचण आलीच, तर पहिला दिवस सोडून निदान तीन दिवसांच्या, म्हणजे १२ नोंदी हव्यात. त्याहून कमी असतील तर सरासरी काढू नका, दिवस वाढवा.

हेच आकडे का

बीपी दिवसभर हलत असतं. जिना चढलात, फोनवर वाद झाला, लघवी तुंबली, थंडी वाजली, की ते वर जातं आणि शांत बसलात की खाली येतं. त्यामुळे एकटं रीडिंग त्या मिनिटाबद्दल सांगतं, माणसाबद्दल फारसं नाही. नोंदी वाढत जातात तशी सरासरी स्थिरावते. बारा नोंदींपर्यंत ती बरीच सुधारते, चोवीसपर्यंत आणखी पक्की होते. त्यानंतर आणखी आठवडाभर मोजलं तरी ती सहसा एक-दोन आकड्यांपलीकडे हलत नाही. म्हणून तपासणीसाठी महिनाभर रोज मोजायची गरज नसते. रोज मोजणारा माणूस पंधराव्या दिवशी कंटाळून घाईघाईत मोजू लागतो, आणि घाईतलं रीडिंग चुकीचं असतं.

पहिला दिवस वगळायचं कारण म्हणजे नवखेपणा. मशीन हातात नवीन असतं, पट्टा आवळला की दचकायला होतं, आकडा काय येतोय याकडे जीव लागलेला असतो. पहिल्या दिवशी आकडे बहुधा चढे येतात. रोजच्या दोन रीडिंगांतलं पहिलंही बऱ्याचदा जास्त येतं, पण ते वगळायचं नाही. दोन्ही लिहायची आणि दोन्ही सरासरीत धरायची.

सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजण्यामागे आणखी एक कारण आहे. सकाळी गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरात पुढच्या सकाळी, गोळी घेण्याच्या अगदी आधी, औषधाचा असर सर्वांत कमी असतो. ती वेळ वहीत नसली तर गोळी चोवीस तास पुरते की नाही हे कुणालाच दिसत नाही. फक्त संध्याकाळी मोजणाऱ्यांच्या वह्या म्हणूनच दिसायला गोड असतात.

आठवडा सुरू करण्याआधी

मशीन दंडाला पट्टा बांधायचं, आपोआप हवा भरणारं असावं. मनगटाची मशीनं सोयीची असतात, पण मनगट हृदयाच्या उंचीवरून जरा खाली-वर झालं की आकडा बदलतो. दंड फारच जाड असल्यामुळे दंडाचा कोणताच पट्टा बसत नसेल, तरच डॉक्टरांना विचारून मनगटाचं वापरा. मशीन घेताना त्या मॉडेलची अचूकता स्वतंत्रपणे तपासलेली आहे का ते बघा. अशा तपासलेल्या मॉडेलांच्या याद्या इंटरनेटवर मिळतात.

पट्ट्याचं माप ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये पल्ला छापलेला असतो, बऱ्याच मशीनांबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. तुमचा घेर ३५ असेल आणि हाच पट्टा ओढून-ताणून बांधलात, तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसेल. फरक पाच-दहाचा असू शकतो, दंड खूपच जाड असेल तर त्याहूनही मोठा. पट्टा फार मोठा असेल तर उलट, आकडा कमी येतो. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, पण तो त्याच मशीनसाठी बनवलेला हवा.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजून बघा. दोन-तीनदा मोजूनही ज्या हातावर आकडा जास्त येतो, तोच हात पुढचे सगळे दिवस वापरा आणि वहीच्या वर "डावा" किंवा "उजवा" लिहून ठेवा. दोन हातांतला वरचा आकडा वारंवार १० हून जास्त फरकाने येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

मशीनमधली तारीख-वेळ लावून घ्या. घरात दोघं जण मशीन वापरत असतील तर बहुतेक मशीनवर दोन वापरकर्त्यांसाठी वेगळं बटण असतं, ते वापरा. नाहीतर सासऱ्यांची रीडिंग सुनेच्या सरासरीत मिसळतात आणि मशीनची आठवण उघडल्यावर कुणाचं काय ते कळत नाही.

मोजायची पद्धत

सकाळी उठल्यावर तासाभरात मोजा. क्रम असा ठेवा: लघवी, मग मोजणी, मग गोळी, मग चहा-नाश्ता. संध्याकाळची वेळ जेवणाआधीची घ्या किंवा झोपण्याआधीची, पण सातही दिवस एकच. जेवल्यावर किंवा गरम पाण्याने अंघोळ केल्यावर लगेच मोजलं तर आकडा खाली येऊ शकतो, म्हणून तेव्हा नको. मोजण्याआधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम टाळा. रात्रपाळी करणाऱ्यांची "सकाळ" म्हणजे झोपून उठल्यानंतरची वेळ, मग घड्याळात दुपारचे तीन का वाजले असेनात.

पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसा. सोफ्यात रुतून किंवा पलंगाच्या कडेवर नको. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, एकमेकांवर न टाकलेले. दंड उघडा हवा. बाही वर गुंडाळली आणि ती दंडाला आवळत असेल तर तोच एक दुसरा पट्टा होतो, अशा वेळी बाहीतून हात काढून घ्या. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर असू द्या. त्यावरची खूण किंवा नळी आतल्या बाजूच्या, म्हणजे जिथे नाडी लागते त्या शिरेवर यावी. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका तो घट्ट असावा.

हात टेबलावर सैल ठेवा, टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. पट्ट्याचा मध्य छातीच्या मधोमध, म्हणजे हृदयाच्या उंचीला यायला हवा. ही बारीक गोष्ट वाटते, पण हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर आकडा साधारण ७ ते ८ ने जास्त येतो. मांडीवर हात ठेवून मोजणाऱ्यांचं "वाढलेलं" बीपी अनेकदा इथेच सापडतं. हात स्वतःच्या बळावर उचलून धरला तरीही आकडा वर जातो, कारण दंडाचे स्नायू ताणलेले असतात.

आता पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद, फोन बाजूला. मग बटण दाबा. मोजणी चालू असताना बोलू नका, हात हलवू नका. बोलण्याने वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो, आणि "किती आलं?" असं घरातल्या कुणी विचारलं की उत्तर देण्याचा मोह होतोच. रीडिंग लगेच लिहा. एक मिनिट थांबा, पट्टा तसाच राहू द्या, दुसरं घ्या, तेही लिहा. तिसरं घेऊ नका.

या शेवटच्या वाक्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. दुसरा आकडा नावडता आला म्हणून तिसरा, मग चौथा घ्यायचा आणि चांगला आला तो वहीत लिहायचा, असं झालं की वही तुमच्या रक्तदाबाची उरत नाही, तुमच्या आवडीची होते. त्याच वळणावरची दुसरी खोड म्हणजे आकडा गोल करणं. मशीनने १३७ दाखवले आणि वहीत १३५ गेले. वहीभर शून्य आणि पाचच दिसू लागले की वाचणाऱ्याला लगेच कळतं. दाखवलं तेच लिहा.

याला अपवाद दोन. मशीनने एरर दाखवला तर ते रीडिंग झालंच नाही असं समजा, पट्टा सैल करून मिनिटभराने पुन्हा घ्या. आणि अनियमित नाडीची खूण उमटली तर आकडा लिहा, शेजारी खूण करा आणि तेवढ्या वेळी तिसरं रीडिंगही घ्या. हृदयाचे ठोके अनियमित असताना मशीनचे आकडे एकमेकांपासून लांब पडतात, म्हणून तिथे एक जास्त लागतं. खूण वारंवार येत असेल तर आठवड्याचा शेवट येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि एक छोटा रकाना शेऱ्यासाठी. शेऱ्यात आकड्याचा अर्थ बदलू शकेल असंच लिहा: रात्री झोप झाली नाही, ताप होता, दात दुखत होता, गोळी चुकली, चक्कर आली. दुखण्यावरच्या काही गोळ्या आणि सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या बीपी वाढवू शकतात, त्या घेतल्या असतील तर नाव लिहा. आजारपणच चालू असेल आणि तपासणी अगदी उद्यावर आलेली नसेल, तर आठवडा पुढे ढकलणं बरं.

एखादी वेळ चुकली तर रकाना रिकामा सोडा. दुपारी भरपाई म्हणून मोजून "सकाळ" लिहू नका, संध्याकाळी चार घेऊ नका. हवं तर शेवटी एक दिवस जास्त मोजा.

एका वहीचा हिशोब

उदाहरणादाखल एक वही घेऊ. चोपन्न वर्षांचा माणूस, रोज सकाळी बीपीची एक गोळी घेणारा, दवाखान्यातलं रीडिंग १५० च्या पुढे.

| दिवस | सकाळ १ | सकाळ २ | संध्याकाळ १ | संध्याकाळ २ |
|---|---|---|---|---|
| १ | १५२/९४ | १४६/९१ | १४८/९२ | १४३/८९ |
| २ | १४४/९० | १३९/८७ | १३२/८३ | १२९/८१ |
| ३ | १४१/८८ | १३८/८७ | १३४/८४ | १३०/८२ |
| ४ | १४३/८९ | १४०/८८ | १२८/८० | १२६/७९ |
| ५ | १३९/८७ | १३७/८६ | १३५/८४ | १३१/८३ |
| ६ | १४२/८८ | १३८/८६ | १६१/९६ | १४७/९० |
| ७ | १४०/८८ | १३८/८५ | १३१/८२ | १२८/८० |

सहाव्या संध्याकाळचा शेरा आहे: "धावत घरी आलो, पाच मिनिटं न बसता मोजलं." घरातल्यांची नजर नेमकी त्या १६१ वर जाते आणि फोनाफोनी सुरू होते. हिशोब मात्र शांतपणे करू. दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या २४ वरच्या आकड्यांची बेरीज ३२९१, तिला २४ ने भागलं की १३७. खालच्यांची बेरीज २०५३, सरासरी ८६. म्हणजे घरचं बीपी १३७/८६. सहाव्या संध्याकाळच्या दोन्ही नोंदी काढून टाकून बघितलं तर १३६/८५ येतं. इतका डोळ्यांत भरणारा आकडा, पण त्याने सरासरी जेमतेम एकाने हलली. म्हणूनच असा आकडा खोडायचा नाही, शेरा लिहून राहू द्यायचा.

खरी बातमी दुसरीकडे आहे. सकाळच्या बारा नोंदींची वेगळी सरासरी १४०/८७ आहे आणि संध्याकाळच्या बारांची १३४/८४. गोळीचा असर सकाळपर्यंत पुरत नसेल का, हा प्रश्न डॉक्टरांना या दोन ओळींतून सुचतो. उत्तर गोळीची वेळ बदलणं असेल, डोस असेल किंवा दुसरं औषध, ते त्यांनी ठरवायचं. याच माणसाने फक्त संध्याकाळी मोजलं असतं तर तो "सगळं ठीक" म्हणून घरी परतला असता.

हे "ठीक" कशावरून, तर घरच्या सरासरीसाठी युरोपीय मार्गदर्शक सूचना १३५/८५ ही रेषा धरतात. दोनपैकी एक आकडा जरी तिथे पोहोचला किंवा पुढे गेला तरी बीपी वाढलेलं समजतात. दवाखान्यातली १४०/९० ही रेषा घरी लावायची नाही, घरचे आकडे सहसा कमी असतात. अमेरिकी सूचनांमध्ये घरची रेषा १३०/८० आहे. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर तुमच्यासाठी वेगळं लक्ष्य देऊ शकतात, ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गरोदरपणात मोजण्याचं वेळापत्रक आणि धोक्याचे आकडे वेगळे असतात, तिथे या लेखातल्या आकड्यांवर जाऊ नका.

पुढचा आठवडा कधी

गोळी नवीन सुरू झाली किंवा बदलली, तर दुसऱ्या दिवसापासून वही भरून काही हाती लागत नाही. बीपीच्या बऱ्याच औषधांचा पुरता असर दिसायला दोन ते चार आठवडे जातात. डॉक्टरांनी एक महिन्याने बोलावलं असेल तर त्या महिन्याचा शेवटचा आठवडा मोजण्याचा. बीपी आटोक्यात आल्यावर मधल्या काळात आठवड्यातून एक-दोनदा किंवा महिन्यातून एक-दोनदा मोजलं तरी चालतं, आणि पुढच्या तपासणीआधी पुन्हा पूर्ण सात दिवस. रीडिंग बघून स्वतःच गोळी अर्धी करणं किंवा वाढवणं मात्र नको. एका रीडिंगवरून तर नकोच नको.

सात दिवस थांबायचं नाही अशा वेळा

वरचा आकडा १८० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ११० किंवा त्याहून जास्त आला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला आणि त्याबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, बोलताना जीभ अडखळणं, दिसेनासं होणं, गोंधळल्यासारखं होणं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखणं यांपैकी काही असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. ही लक्षणं आकडा कमी असतानाही आली तर तेच करायचं, मशीनपाशी बसून राहू नका. कसलाच त्रास नसेल आणि आकडा मात्र तसाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

उलट्या बाजूचीही नोंद ठेवा. उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून दोन रीडिंग घेतल्यावर उभे राहा, आधाराला जवळ काही असू द्या, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर ती उभ्याची रीडिंग वेगळ्या रकान्यात लिहून डॉक्टरांना लवकर दाखवा. ती सरासरीत मिसळू नका.

तपासणीला जाताना वहीबरोबर मशीन आणि पट्टाही घेऊन जा. तुमच्या मशीनचं रीडिंग तिथल्या मशीनशी ताडून बघता येतं, आणि पट्टा कुठे, कसा बांधता हे डॉक्टरांना किंवा नर्सना दोन मिनिटांत दिसतं.